‘अजून’ काढ, तारीख घाल

प्रिय बाय,

दिवेवाल्याला पाठवायच्या पत्राचा तुझा मसुदा वाचला. एकही वाईट शब्द नसताना आईला ते भांडणाचं का वाटतं, असं विचारतेस. आईचं बरोबर आहे. तू लिहिलंस:

‘प्रकाशयोजनेचा आराखडा अजून मिळालेला नाही. रविवारच्या तालमीलासुद्धा आपण आला नाहीत. आम्ही फक्त एक पान मागितलं होतं. आपण म्हणे मडगावच्या प्रयोगात होता. आता तरी कृपया कळवावे.’

‘अजून’ म्हणजे वेळ टळून गेली. कुठली वेळ? तुझ्या आधीच्या निरोपांत ‘लवकर द्या’ एवढंच आहे. ‘सुद्धा’ म्हणजे त्याने बाकीही बरंच चुकवलंय, तालीम तर त्यातली सगळ्यात सोपी गोष्ट होती. बाकीचं काय, ते तू सांगत नाहीस. तो मात्र रात्रभर आठवत बसेल. ‘फक्त’ एक पान लिहायला त्याला संहिता वाचून प्रवेशागणिक दिवे ठरवावे लागतात. आणि ‘म्हणे’ लिहून तू त्याला सरळ खोटारडा ठरवलंस.

राग आला असेल तर उघड लिही, तारखेसकट. नाहीतर लिहूच नकोस. मधला मार्ग मला मान्य नाही.

पाठवण्याआधी असा प्रत्येक शब्द खोडून वाक्य पुन्हा वाच. माहिती तेवढीच राहिली, तर तो शब्द ठपकाच होता. काही हरवलं, तर जे हरवलं त्याचं स्वतंत्र वाक्य कर. मोबाइलवर शब्द शोधून भागणार नाही, कारण मराठीत ठपका शब्दाला चिकटून येतो: ‘आलाच नाहीत’, ‘फोनही नाही’. मोठ्याने वाच आणि आवाज जिथे आपोआप चढतो तिथे थांब.

पण आंधळेपणाने खोडू नकोस, बाय! ‘अजून दोन दिवे लागतील’ यातला अजून निरुपद्रवी आहे. शेवटचं ‘तरी कृपया कळवावे’ ही पत्राची जुनी रीत आहे, त्याने कुणी दुखावत नाही. त्याच्या आधी ‘आता’ लागला की थप्पड बसते.

मग राहतं ते एवढं: ‘आराखडा मिळालेला नाही. रविवारी आपण नव्हता, त्यामुळे दुसऱ्या अंकाचे दिवे ठरवता आले नाहीत. शुक्रवारपर्यंत आराखडा हवा, कारण शनिवारी रंगीत तालीम आहे. जमणार नसेल तर गुरुवारी सांगा, आम्ही दुसरी सोय करू.’ हे पहिल्यापेक्षा कडक आहे, दिसतंय ना? त्याला वाद घालायला जागाच उरत नाही.

मंडळात मला किचकट म्हणतात. म्हणोत. एका ‘अजूनही’वरून आमचा पेटीवाला कायमचा गेला, ते पत्र मी वाचलंय. त्याची पेटी पुन्हा आमच्या नाटकात वाजली नाही, याची हळहळ आजही आहे. म्हणून हा हट्ट मी सोडणार नाही.

शुक्रवार ही तारीख त्याला झेपेल का, ते आधी फोनवर विचार. मग पाठव.

तुझा काका
फोंडा