सुक्या मशरूमचं पाणी ओतून देऊ नकोस

अरे सुके शिताके मशरूम भिजवलेलं ते काळसर पाणी बेसिनमध्ये ओतलंस ना, तिथंच निम्मी चव गेली बघ. शिताके गरम पाण्यात घातले की अर्ध्या तासात मऊ होतात खरं, पण चव थोडी कडवट, उग्र येते. मी काय करतो, 20 ग्रॅम मशरूम आधी धुवून घेतो, मग 2 कप गार पाण्यात घालून वर छोटी वाटी उपडी ठेवतो कारण ते तरंगतात आणि वरची बाजू कोरडीच राहते, आणि रात्रभर फ्रीजमध्ये. ओट्यावर नको हं, आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात सकाळपर्यंत वास मारायला लागेल.

सकाळी टोपीचा जाड भाग दाबून बघ, आत कडक लागला तर अजून तासभर राहू दे. मशरूम पिळून काढ, पाणी हलवू नको, दहा मिनिटं तसंच ठेव आणि सुती कापडातून हळूच ओत, तळाचा शेवटचा चमचाभर सोडून दे, तिथंच माती असते. मी एकदा घाईत सगळं ओतलं आणि अख्खा पुलाव कचकच लागला!

साधारण दीड कप उरतं. 1 कप तांदळाला त्यात अर्धा कप साधं पाणी मिसळ, कांदा-लसूण आणि मशरूमच्या फोडी परतून त्यातच भात शिजव. दांडे चिवट असतात, काढून टाक. गरम मसाला मात्र अगदी चिमूटभर, काळा मसाला तर नकोच, नाहीतर मशरूमची चव कुठं शोधणार. आणि हे पाणी कच्चं वापरू नको, चांगलं उकळायलाच हवं.