विनोदांचा सेट आधी खरोखर हसवणारा हवा

तुझ्या कथेतला जळगावचा स्टँड-अप कॉमेडियन, आईला जाऊन बारा दिवस झालेले, हे चांगलं आहे. पण पहिल्या खर्ड्यात तो पाचव्या मिनिटाला रडतो आणि सभागृह स्तब्ध होतं. नवीन लेखक हमखास इथेच घसरतात. त्याला रडू देऊ नकोस. दुःख लपवण्यासाठीच तो स्टेजवर आलाय ना!

आधी विनोद पूर्ण लिही, आणि मोठ्याने वाचून बघ. उदाहरणार्थ: ‘माय फोनवर पहिलं विचारते, जेवला का? मी म्हटलं, पोलिसांनी धरलंय. म्हणाली, तिथं भरीत देतात का?’ हा विनोद सुरुवातीला येऊ दे. शेवटाकडे तो पुन्हा आण, पण या वेळी त्याच्या तोंडून ‘विचारते’ऐवजी ‘विचारायची’ निसटू दे. तो लगेच पुढच्या विनोदावर उडी मारतो. लोक हसतात. वाचक मात्र थांबतो.

आई गेल्याचं वाचकाला कळावं म्हणून सेटच्या आधी एकच खूण पेर: मुंडण केलेलं डोकं. खानदेशात ते पाहून कुणीही ओळखेल, म्हणून दिव्यांच्या उकाड्यातही तो टोपी काढत नाही. खुलासा करू नकोस.

आणि प्रत्येक विनोदाखाली ‘हशा पिकला’ नको. पुढच्या रांगेतला एकच माणूस दाखव, ठसका लागून पाणी मागणारा. फ्लॅशबॅक, निवेदकाची अदलाबदल हे सगळं सध्या बाजूला ठेव. आधी हे क्रियापदाच्या दोन रूपांचं काम जमव आणि दुसरा खर्डा पाठव.