‘पडेपर्यंत’मध्ये शेवटची फेक धरायची का?

प्रश्न: पुतणीने क्लासच्या गणिताचा फोटो पाठवलाय, उजवी कड कापली गेलीय. ‘एक फासा पहिल्यांदा सहा पडे…’ एवढंच दिसतं. पुढच्या ओळीत ‘टाकत राहिले, तर फेकींची अपेक्षित संख्या किती?’ मागे उत्तर 6 आहे. मला 5 वाटतं, कारण सहा पडायच्या आधीच्याच फेकी मोजायच्या ना? आणि ‘अपेक्षित’ म्हणजे सहाव्या फेकीला सहा पडेल असं धरायचं का? खाली सहा चिठ्ठ्यांमधून एक खूण केलेली काढण्याचं गणित आहे, तिथेही सहाच का? (कॉलेज रोड, नाशिक)

कापलेल्या शब्दाचं आधी बघू. ‘पडण्यापूर्वी’ असतं तर फोटोत ‘पडण्’ दिसलं असतं. ‘पडे’ दिसतंय म्हणजे शब्द ‘पडेपर्यंत’ आहे, फार तर ‘पडेतोवर’, अर्थ तोच.

आता ‘पर्यंत’. सीबीएसवर नाशिक रोडची बस येईपर्यंत किती रिक्षा गेल्या, असं विचारलं तर बस कुणी मोजणार नाही, कारण ती रिक्षा नव्हे. तुमचा 5 याच सवयीतून आलाय. इथे मात्र जिच्यामुळे थांबायचं ती घटना मोजायच्या वस्तूंपैकीच आहे: सहा पडलं तीही एक फेकच, आणि ती टाकल्याशिवाय सहा पडलं हे कळणार कसं? म्हणून ती धरायची. प्रश्नात ‘सहा पडण्यापूर्वीच्या फेकी’ किंवा ‘वाया गेलेल्या फेकी’ असं असतं, तर सरासरी 5 हे तुमचं उत्तर बिनचूक होतं.

6 येतो कसा ते पाहा. अपेक्षित संख्येला E म्हणू. पहिली फेक तर टाकावीच लागते, ती 1. सहापैकी पाच वेळा ती वाया जाते आणि आपण पुन्हा मूळ जागी येतो. तिथून पुढे परत सरासरी E फेकी लागणार. म्हणून

E = 1 + (5/6) × E

म्हणजे E चा सहावा भाग 1, आणि E = 6. नाण्यावर पहिला छाप पडेपर्यंत याच रीतीने 2 येतात. दर वेळची संभाव्यता p असेल तर उत्तर 1/p.

खरा घोटाळा ‘अपेक्षित’ने केलाय. बोलण्यात आपण अपेक्षित म्हणतो ते जे होईल असं वाटतं त्याला. गणितात तो शब्द सरासरीसाठी आहे: हाच खेळ पुन्हा पुन्हा, हजारो वेळा खेळलात, तर दर खेळाला सरासरी सहा फेकी लागतील. सहाव्याच फेकीला पहिलं सहा पडण्याची शक्यता जेमतेम 6.7 टक्के आहे. सगळ्यांत जास्त शक्यता पहिल्याच फेकीची, सुमारे 16.7 टक्के. चार फेकींत निदान एकदा सहा पडण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त, 51.8 टक्के भरते. म्हणजे बहुतेक खेळ सहाच्या आतच आटपतात. पण अधूनमधून एखादा वीस-पंचवीस फेकी रेंगाळतो आणि सरासरी वर ओढतो.

हा शब्द आला जुगाराच्या हिशेबातून. ख्रिस्तियान हायगेन्सने 1657 साली फाशांच्या खेळावर लिहिलेला निबंध लॅटिनमध्ये छापला गेला, त्यात ‘एक्स्पेक्टाशियो’ हा शब्द होता. डावातल्या आपल्या संधीची किंमत किती, म्हणजे ती विकायची तर किती पैसे घेणं रास्त, असा त्याचा रोख होता. पुढे काय पडेल याच्या भाकिताशी त्याचा संबंध नव्हता. मराठीत आपण शब्द घेतला आणि रोजच्या वापरातला अर्थ मागोमाग आत शिरला. माझ्या मते शिकवताना ‘सरासरी किती फेकी लागतील, सहा पडलेली फेक धरून’ असं सरळ म्हणावं. परीक्षेत अर्थात ‘अपेक्षित’च लिहावं लागेल.

त्या गैरसमजाचं धाकटं भावंड म्हणजे ‘पाच वाया गेल्या, आता सहा यायलाच हवं’. फाशाला मागचं काही आठवत नाही. पाच फेकी फुकट गेल्यावरही इथून पुढे सरासरी सहाच लागतात. वरच्या समीकरणात आपण मूळ जागी परतलो, ते याच आधारावर.

चिठ्ठ्यांच्या गणिताची कडही कापली गेली असेल, तर पुतणीकडून ‘काढलेली चिठ्ठी परत ठेवून’ आहे की ‘परत न ठेवता’, एवढं विचारून घ्या. परत ठेवत असाल तर फाशासारखंच, 6. परत न ठेवता काढत गेलात तर दर चिठ्ठीगणिक उरलेल्या कमी होतात, शक्यता वाढत जाते आणि 1/p लागू पडत नाही. खुणेची चिठ्ठी पहिली ते सहावी यांपैकी कोणत्याही क्रमांकाला निघण्याची शक्यता सारखीच, म्हणून सरासरी (1+2+3+4+5+6)/6, म्हणजे साडेतीन.