तीन फ्लॅटपैकी कोणता विकू?

"सिडको (४८ लाख, भाडं ११ हजार), बीड बायपास (३० लाख, ९ हजार) आणि लातूर (२८ लाख, १० हजार), यातला कोणता विकावा?"

बायपासचा विका. वरवर बघितलं तर तो वर्षाला ३.६ टक्के देतो आणि सिडकोचा २.७५च, म्हणून लोक सिडकोचा काढायला बघतात, पण हातात काय उरतं ते बघा. बायपासला दोन महिने रिकामा म्हणजे १८ हजार गेले, टँकर, बोअरची मोटर नि टॅक्स धरून २४ हजार, उरले ६६ हजार, म्हणजे २.२ टक्के. सिडकोत टॅक्स-मेंटेनन्स १८ हजार गेले तरी २.४ टक्के पडतात. लातूरला २० हजार खर्च धरला तरी साडेतीनच्या वर, तो हलवूच नका. मी माझ्या फ्लॅटचा हिशोब दरवर्षी असाच करतो, भाव आजचा धरायचा, खरेदीचा नाही.

भाडेकरू चांगला आहे म्हणून फ्लॅट ठेवू नका, तो उद्या जाईल, पाण्याचा त्रास मात्र तिथंच राहणार आणि त्याच्यापायीच भाडेकरू टिकत नाहीत. भाव किती वाढला ते बघायला जाहिरातीतले रेट सोडा, त्याच बिल्डिंगमधल्या अलीकडच्या विक्रीच्या सरकारी नोंदी, म्हणजे इंडेक्स २, काढून बघा.

फक्त एक, घेऊन २४ महिने झाले नसतील तर थांबा, नफ्यावर टॅक्स तुमच्या स्लॅबने लागेल, नंतर १२.५ टक्के.