‘कथित’ लिहिलं की सुटलो?

प्रश्न: मी तालुक्यातल्या साप्ताहिकाची बातमीदार आहे. एका खासगी वसतिगृहात दूषित पाण्याने १२ मुली आजारी पडल्या आणि चालकांनी पालकांना धमकावलं, असं इन्स्टाग्रामवर तीन निनावी खात्यांनी लिहिलं आहे. संपादक म्हणतात, “‘कथित’ शब्द घाल आणि लाव.” एवढं पुरेल का?

उत्तर: नाही पुरणार. दुसऱ्याचा बदनामीकारक आरोप छापणाऱ्यालाही कायदा जबाबदार धरतो. ‘आम्ही फक्त ते काय म्हणाले ते सांगितलं’ हा बचाव सहसा टिकत नाही, आणि मथळ्यातलं प्रश्नचिन्हही वाचवत नाही. भारतीय न्याय संहितेच्या बदनामीविषयक कलम ३५६ मधले अपवाद तुमच्या कामाचे आहेत, पण सद्भावनेवर उभे असलेले अपवाद हवे असतील तर योग्य काळजी घेतल्याचं दाखवावं लागतं. काळजीशिवाय केलेलं काम सद्भावनेचं नाही, हे संहितेच्या व्याख्येतच आहे.

म्हणून पोस्ट अख्खी उचलू नका, तिची वाक्यं सुटी करा. मुली आजारी पडल्या का, हे ग्रामीण रुग्णालय सांगू शकेल. पाणी खराब होतं का, हे तपासणीचा अहवाल सांगेल. धमकीचं मात्र एखादा पालक स्वतः बोलल्याशिवाय छापू नका. तिथे एका माणसावर थेट गुन्ह्याचा आरोप आहे.

तीन खाती म्हणजे तीन साक्षीदार नव्हेत. तिन्हींत तोच फोटो, तीच शुद्धलेखनाची चूक असेल तर मूळ एकच असण्याची शक्यता मोठी. प्रत्येकाला मेसेज करून विचारा: स्वतः पाहिलंत की ऐकलंत? मूळ फोटो मागा. स्क्रीनशॉटमधून तो कधी काढला हे कळत नाही.

समजा रुग्णालयाने ७ जणींवर उपचार झाल्याचं सांगितलं. मग असं लिहा: ‘वसतिगृहातील ७ मुलींवर उलटी-जुलाबासाठी उपचार झाल्याचे ग्रामीण रुग्णालयाने सांगितले. दूषित पाणी हे त्याचे कारण असल्याचा दावा इन्स्टाग्रामवरील निनावी खात्यांनी केला आहे. खातेधारक कोण हे आम्हाला समजलेले नाही. पाण्याचा अहवाल आलेला नाही.’ हे पहिल्या परिच्छेदातच हवं. शेवटच्या ओळीत ‘पडताळणी झालेली नाही’ म्हणणं म्हणजे वरात गेल्यावर अक्षता वाटणं. १२ हा आकडा गाळा, किंवा दोन्ही आकड्यांतली तफावत उघड सांगा.

चालकांना लेखी प्रश्न पाठवा, उत्तराला रास्त वेळ द्या आणि उत्तर आलं नाही तर तेही छापा. बातमी लागण्याआधी पोस्टची लिंक, वेळ आणि पूर्ण स्क्रीनशॉट जपून ठेवा. पोस्ट उडाली आणि कोर्टात दाखवायची वेळ आली, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र सोबत लागेल. ते संपादकांना आजच सांगून ठेवा.