रात्रीचा पेला आणि झोपेची गोळी

“आजी रात्री मध्येच उठून असंबद्ध बोलते, सकाळी तिला काहीच आठवत नाही. हा स्मृतिभ्रंशच असेल का?”

लगेच तसे समजू नका. असे कुटुंब आले की मी आधी विचारते, की गोंधळ कधी सुरू होतो आणि कधी ओसरतो. स्मृतिभ्रंश बहुधा महिनोन्‌महिने हळूहळू वाढतो. अचानक आलेला आणि दिवसा निवळणारा गोंधळ मात्र औषध, मद्य किंवा एखाद्या संसर्गामुळेही असू शकतो.

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एका आजींच्या नातीला मी आठवडाभर वेळा टिपायला सांगितल्या. जेवण आठला, गोळी दहाला, दोनच्या सुमारास आजी दाराची कडी चाचपत “हे अजून आले नाहीत” म्हणत उभ्या, आणि सकाळी दहानंतर त्या अगदी स्वच्छ बोलत. जेवण आणि गोळी यांमधल्या दोन तासांची नोंदच नव्हती.

आजींशी एकटीने बोलताना मी त्या दोन तासांबद्दल विचारले. बराच वेळ त्या पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

“थोडी ब्रँडी घेते. आम्ही दोघे घ्यायचो. ते गेल्यावर पेला तेवढा राहिला.”

“डॉक्टरांना सांगितलंत?”

“त्यांनी विचारलं, दारू पिता का? मी दारू पीत नाही हो.”

त्या खोटे बोलल्या नव्हत्या. त्यांच्या लेखी ती दारू नव्हती, पतीची सोबत होती. सवयीला दोष देण्याआधी तिचा अर्थ विचारावा, हा माझा जुना आग्रह त्या दिवशी कामी आला, याचे मला समाधान आहे.

त्यांची गोळी अल्प्राझोलामची होती. ती आणि मद्य मेंदूला एकाच दिशेने मंदावतात, त्यामुळे परिणाम वाढतो. शिवाय उतारवयात शरीरातील पाणी कमी झाल्याने तेवढेच मद्य रक्तात अधिक तीव्र ठरते आणि अशा गोळीचा अंमलही लांबतो. यातून पडणे, हाड मोडणे, क्वचित श्वास मंदावणेही घडते. माणूस हाक मारूनही जागा होत नसेल, श्वास संथ झाला असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर सकाळची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे.

घरच्यांना गोळी त्याच रात्री फेकून द्यायची होती. मी ठामपणे थांबवले. रोजची अशी गोळी एकदम तोडली तर अस्वस्थता, निद्रानाश, प्रसंगी झटकेही येतात, आणि रोज बरेच मद्य घेणाऱ्याने तेही अचानक सोडणे धोक्याचे असते. आजींनी स्वतःच डॉक्टरांना सगळे सांगितले. त्यांच्या देखरेखीत ब्रँडी थांबली आणि गोळीची मात्रा काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने उतरवली गेली. नऊ वाजता नात आजींजवळ बसून आजोबांच्या आठवणी ऐकू लागली, कारण तो रिकामा वेळ तसाच ठेवला असता तर पेला परत आला असता, असे मला वाटते.

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी स्मृतीची तपासणी केली, ती वयाला साजेशी निघाली. दाराची कडी त्यानंतर रात्री वाजलेली नाही.