गुण पाहण्याआधी वर्गात काय घडलं ते पाहा

नवा विज्ञान अभ्यासक्रम चालतोय की नाही, हे वार्षिक परीक्षेच्या सरासरीवरून ठरवू नका. शैक्षणिक मूल्यमापनाचे अभ्यासक रॉबर्ट स्टेक यांनी 1967 मध्ये मांडलेला मूल्यमापनाचा आराखडा इथे उपयोगी पडतो. पूर्वस्थिती, वर्गातले व्यवहार आणि फलित, या तिन्हींसाठी ‘ठरवलेलं’ आणि ‘प्रत्यक्ष दिसलेलं’ शेजारीशेजारी लिहायचं.

विद्युत परिपथाचं एकच प्रकरण घ्या. मुलं स्वतः तारा जोडतील, असं ठरलेलं असतं. तीन-चार तासिका मागच्या बाकावर बसा आणि दर पाच मिनिटांनी तारा कोणाच्या हातात आहेत ते नोंदवा. (पहिल्या तासिकेची नोंद धरू नका, त्या दिवशी सगळेच सावध असतात.) तारा शिक्षकांच्याच हातात दिसल्या, तर कमी गुणांचं खापर अभ्यासक्रमावर फोडता येणार नाही, तो वर्गात पोचलेलाच नाही.

फलितासाठी प्रकरणाआधी आणि नंतर तोच प्रश्न द्या: एकसर जोडणीतल्या दोन सारख्या दिव्यांपैकी कोणता जास्त उजळेल? ‘पहिला, कारण तो थोडी वीज संपवतो’ हे उत्तर नंतरही टिकलं, तर सूत्रं पाठ असली तरी समज बदललेली नाही. कारण लिहून घ्याच, नुसत्या पर्यायात अंदाज लपतो. आधीची चाचणी राहून गेली, तर ती मागाहून घेता येत नाही.